फरक दुप्पट आला तर क्रेडिट नोट पाहा

> पिव्होटमध्ये एचएसएन आणि दर लावला, तरी जीएसटीआर-१ च्या तक्ता १२ ची बेरीज विक्री खात्याशी जुळत नाही.

आधी फरकाचा आकडा नीट बघा. माझ्याकडे ८५४४ (वायर, १८%) या कोडची बिलं २,४०,००० ची होती आणि क्रेडिट नोट १५,००० ची. पिव्होटमध्ये २,५५,००० आले, हवे होते २,२५,०००. फरक ३०,०००, म्हणजे नोटेच्या बरोबर दुप्पट. एक्स्पोर्टमध्ये क्रेडिट नोट अधिक चिन्हानेच येत होती. पिव्होटच्या आधी एक कॉलम घातला, C मध्ये दस्तऐवजाचा प्रकार, F मध्ये करपात्र रक्कम:

```
=IF(C2="CN",-1,1)*F2
```

कराच्या कॉलमांनाही हेच लावा. नगांना मात्र सरसकट नको. माल परत आला असेल तरच नग वजा करायचे. नुसती भावातली सूट असेल तर रक्कम घटते, मीटर तेवढेच राहतात. मी पहिल्यांदा इथेच फसलो होतो.

आणि मे २०२५ पासून तक्ता १२ मध्ये बी२बी आणि बी२सी वेगळे भरावे लागतात, तेव्हा नोंदणीकृत ग्राहकाची क्रेडिट नोट बी२बी मधूनच वजा झाली पाहिजे. पिव्होटमध्ये तोही एक रकाना ठेवा.