अनुभव धागा: सप्लिमेंटच्या जाहिराती, डब्यावरचं प्रोटीन आणि आपली मुलं

सुरसागरवाली
भाच्याच्या कॉलेजात हेल्थ क्लब आहे. परवा तिथे त्याचं भाषण होतं, विषय फिटनेस इन्फ्लुएन्सर आणि त्यांच्या सप्लिमेंटच्या जाहिराती. म्हणाला, मावशी तू ये, तुझ्या लॅबचाच विषय आहे. मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली, त्यामुळे गेले.

पठ्ठ्याने आधी एक रील आवाज बंद करून दाखवली. आवाज गेल्यावर उरलं काय, तर तेल लावलेले खांदे, वरून सोडलेला दिवा, हातात डबा आणि खाली सवलतीचा कोड. पोरं हसली. मग त्याने त्याच डब्याची मागची बाजू पडद्यावर लावली.

पुढे मोठ्या अक्षरात ५० ग्रॅम प्रोटीन. मागे बारीक अक्षरात एक सर्व्हिंग म्हणजे ३ स्कूप, १५० ग्रॅम, आणि तेही अर्धा लिटर दुधात. दुधाचंच प्रोटीन झालं १६ ग्रॅम. म्हणजे पावडरीचं उरलं ३४. बाकी १०० ग्रॅमच्या वर कर्बोदकं, त्यात मुख्य माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे जवळपास साखरेसारखीच पटकन पचणारी पूड. ३ किलोचा डबा २० दिवसांत संपतो. किंमत ३२०० रुपये, रोजचे १६० झाले. तेवढंच ३४ ग्रॅम प्रोटीन ६५ ग्रॅम सोयाबीन वड्यांत मिळतं, दहा रुपयांच्या आसपास.

इथवर त्याचं भाषण. पण घटकांच्या यादीत मला ग्लायसीन दिसलं आणि मी मनाने लॅबमध्ये परत गेले. तुमच्या घरातले किस्से सांगा, माझं ते मागून लिहिते, कुकर लावलाय.

दांडियाबाजार_भाई
आमच्या वेळी माणिकरावांच्या आखाड्यात दूध, केळी, भिजवलेले हरभरे. जोर-बैठका मारून घरी. डबा कुठला आणि रील कुठली!

वारसियावाला
भाई, तुमच्या वेळी दूध भेसळीचं नव्हतं असं समजू नका 😄

निशा_कारेलीबाग
माझा मुलगा सेकंड इयरला. जिमच्या ट्रेनरनेच असा गेनर दिला. पोट फुगायचं, गॅस, चेहऱ्यावर मुरमं. ट्रेनर म्हणे बॉडी ॲडजस्ट होतेय. वजन वाढलं खरं, पण सगळं कमरेवर. बंद केल्यावर पोट शांत झालं. आणि हो, डबा ट्रेनरकडूनच घ्यावा लागायचा, बाहेरचा चालत नव्हता. का ते आता कळलं.

जिमप्रेमी_२२
सगळ्या पावडरी किडनी खराब करतात. माझ्या मित्राचं क्रिएटिनिन वाढलं, डॉक्टरांनी सरळ सांगितलं बंद कर. हे सगळं स्टेरॉइडच आहे.

सुरसागरवाली
थोडं खरं आहे, थोडं नाही. मित्र क्रिएटिन, म्हणजे जिमवाले ताकदीसाठी घेतात ती पूड, घेत होता का? क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं, त्यामुळे किडनी ठणठणीत असतानाही रक्तातला आकडा थोडा वर जातो. डॉक्टरांना आधी सांगायला हवं की हे घेतोय, मग ते दुसरी तपासणी लावतात. डॉक्टरांनी बंद कर म्हटलं ते बरोबरच, आकडा खाली येतो का ते बघता येतं. किडनीचा आजार आधीपासून असेल तर जास्तीचं प्रोटीन नकोच. क्रिएटिन स्टेरॉइड नाही. पण एखाद्या डब्यात न छापलेलं काही मिसळलेलं असेल तर ते लेबल वाचून कुणालाच कळणार नाही, तिथे तुमची भीती रास्त.

आता ग्लायसीन. लॅबमध्ये प्रोटीन थेट मोजत नाहीत. नमुना सल्फ्युरिक ॲसिडमध्ये शिजवायचा, त्यातला नायट्रोजन अमोनिया करून काढायचा, मोजायचा आणि ६.२५ने गुणायचं. यंत्राला एवढंच कळतं की नायट्रोजन आहे. तो कुठून आला ते त्याला कळत नाही. ग्लायसीन म्हणजे एक सुटं अमिनो ॲसिड, प्रोटीनच्या भिंतीतली एक वीट, आणि स्वस्त. १ ग्रॅम टाकलं तर कागदावर जवळपास १.१७ ग्रॅम प्रोटीन दिसतं. क्रिएटिन १ ग्रॅम टाकलं तर २ ग्रॅम. त्या ३४मध्ये ५ ग्रॅम ग्लायसीन असेल तर खरं प्रोटीन २८च. ग्लायसीन विष नाही, फक्त स्नायू बांधायला एकट्याने कामाचं नाही आणि आपण पैसे प्रोटीनचे मोजतो.

केमिस्ट्री_सर
दुधाच्या प्रोटीनला गुणक ६.३८, ताई.

सुरसागरवाली
हो सर, आमच्याकडेही दुधाला तोच लावायचे. मिश्र पावडरीला ६.२५ धरलाय.

केमिस्ट्री_सर
२००८ साली चीनमध्ये बाळांच्या दुधात मेलामाइन घातलं ते याच वाटेने. त्यात दोन तृतीयांश नायट्रोजन, १ ग्रॅम घातलं की ४ ग्रॅमच्या वर प्रोटीन दिसतं. तिथे मात्र मुलांच्या किडन्या गेल्या.

मीरा_अलकापुरी
बापरे. आमच्या सासऱ्यांना ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पावडर लिहून दिलीय, दिवसातून दोनदा. ती बंद करू का?

सुरसागरवाली
अजिबात नको! ती डॉक्टरांनी बघून दिलीय. इथे जाहिरात पाहून घेतलेल्या डब्यांबद्दल चाललंय. शंका असेल तर डबा घेऊन त्यांच्याकडेच जा.

मीरा_अलकापुरी
हुश्श. चव मात्र चुन्यासारखी म्हणतात ते.

कॉलेजकुमार
मावशी, मग दुकानात उभं राहून ओळखायचं कसं? आमच्याकडे लॅब थोडीच आहे.

सुरसागरवाली
घटकांच्या यादीत ग्लायसीन, टॉरीन, ग्लुटामीन वेगळं लिहिलंय का बघ. मग अमिनो ॲसिडचा तक्ता. शुद्ध व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीचं प्रोटीन असेल, तर २५ ग्रॅम प्रोटीनमागे ल्युसीन, म्हणजे स्नायूंच्या कामाचं अमिनो ॲसिड, अडीच ग्रॅमच्या आसपास हवं. ल्युसीन दीड आणि ग्लायसीन तीन-चार ग्रॅम असेल तर डबा खाली ठेव. तक्ताच नसेल, नुसतं ‘खास मिश्रण’ लिहिलं असेल, तरी ठेव. तक्ता खोटा छापला असेल तर? मग लॅबशिवाय उपाय नाही, आणि ती तपासणी विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी नाही.

वारसियावाला
एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर असला की ओके ना?

सुरसागरवाली
तो धंद्याचा परवाना. खोटा नाही ना एवढं त्यांच्या साइटवर तपासता येतं. हातातला डबा कुणी तपासलाय असा अर्थ नाही.

जिमप्रेमी_२२
पण जो रीलमध्ये सांगतो तो स्वतः घेतो हो. बॉडी दिसते ना.

निशा_कारेलीबाग
तो घेतो ते डब्यात आहे हे कशावरून? कोड वापरून कुणी घेतलं की त्याला कमिशन.

केमिस्ट्री_सर
जाहिरातवाल्यांच्याच एएससीआय या संस्थेचा २०२३चा नियम आहे, आरोग्यावर सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरने आपलं शिक्षण सांगायचं. पैसे घेतले असतील तर तेही. पाळतात किती, तुम्हीच बघा.

कॉलेजकुमार
सर, कोपऱ्यात ‘पेड’ लिहितात की. मग चूक काय त्यात? क्रिकेटरही जाहिराती करतात.

केमिस्ट्री_सर
लिहिलं म्हणजे दावा खरा ठरत नाही. यावर मात्र आमच्या स्टाफरूममध्येही दोन तट आहेत.

दांडियाबाजार_भाई
सोयाबीन वडी खाऊन गॅस होत नाही का? आमच्या घरी तर पंगतच उठते.

निशा_कारेलीबाग
गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून, मग आलं-लसूण घालून. सेव-उसळीच्या तर्रीत टाकून बघा, मुलाला कळलंसुद्धा नाही.

दांडियाबाजार_भाई
सेव-उसळीत वडी? बडोद्यात राहून हे बोलता तुम्ही!