भाविकाची कादंबरी, उपदेश आणि कीर्तन

जनकगंजचा वाचक (मूळ टिपण)

भाविक नायकाची कादंबरी म्हणजे ठरलेले कीर्तन असते. नायकाला शंका येणार, दोनशे पाने तो तळमळणार आणि शेवटी लेखक त्याला गाभाऱ्यात नेऊन उभा करणार. लेखक स्वतः श्रद्धावान असला की उपदेश टळतच नाही. एक तरी अपवाद दाखवा.

लष्करचा ग्रंथपाल

शुसाकू एन्डो यांची १९६६ सालची ‘सायलेन्स’ वाचा. लहानपणीच बाप्तिस्मा झालेला हा जपानी लेखक शेवटपर्यंत कॅथलिक राहिला, म्हणजे आपली अट तो पूर्ण करतो. रॉड्रिग्ज नावाचा पोर्तुगीज धर्मगुरू सतराव्या शतकात, ख्रिस्ती धर्मावर बंदी असलेल्या जपानमध्ये चोरून उतरतो, कारण त्याचे गुरू फेरेरा यांनी छळापुढे धर्म सोडल्याची बातमी त्याला खरी वाटत नाही.

पहिली चार प्रकरणे रॉड्रिग्जची पत्रे आहेत. त्यांत उपदेश भरपूर आहे, आणि तो असायलाच हवा, कारण पत्र लिहिणारा तरुण धर्मगुरू आहे आणि हौतात्म्याची स्वप्ने पाहत आला आहे. तो पकडला जाण्याच्या सुमारास पत्रे थांबतात आणि पाचव्या प्रकरणापासून त्याच्याविषयी ‘तो’ म्हणून सांगणारा निवेदक येतो. आतापर्यंत जो स्वतःच्या श्रद्धेचा अर्थ स्वतः लावत होता, त्याच्या हातून लेखणी काढून घेतली जाते. त्याची मोठमोठी वाक्ये आपल्याला आठवत असतात आणि समोर माणूस कोठडीत भेदरून बसलेला असतो. उपदेश होता तो पात्राचा होता, आणि त्याची परीक्षाही त्या पात्रालाच द्यावी लागते.

एकच प्रसंग सांगतो. तुरुंगाच्या अंगणात एका डोळ्याने अधू असलेला एक कैदी, धर्म सोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवायला सांगतात तेव्हा, नकार देतो. अधिकारी हसतखेळत बोलत असतात आणि अचानक त्याचे मुंडके उडवले जाते. त्यानंतर एन्डो आकाश फाडत नाहीत की हुतात्म्याच्या चेहऱ्यावर तेज आणत नाहीत. अंगणात तेच पांढरे ऊन असते, झाडांवरचे किडे किरकिरत राहतात, एक माशी घोंघावते. रॉड्रिग्जला धक्का बसतो तो याचा, की एक माणूस देवासाठी मेला आणि बाहेर काहीच बदलले नाही. उपदेश करू पाहणाऱ्या लेखकाने त्या जागी दोन वाक्ये तरी समजुतीची लिहिली असती, इथे ती माशी आहे.

शिवाय विरोधी बाजू कुठेही दुबळी केलेली नाही. छळ करणारा इनोऊए हा मृदू बोलणारा, हसरा म्हातारा आहे. फेरेरा शिष्याला सांगतात की हा देश दलदलीसारखा आहे, इथे लावलेल्या रोपाची मुळे कुजतात, आणि ज्यांना आपण ख्रिस्ती समजलो ते खरे तर स्वतःच्याच देवाला भजत होते. या म्हणण्याला रॉड्रिग्ज त्वेषाने विरोध करतो, पण ते खोडून काढणारे उत्तर त्याच्याजवळ नसते आणि लेखकही ते त्याच्या कानात सांगत नाही.

मुरारकर

ग्रंथपाल महोदय, आपण सोयीची पाने उघडलीत. मीही ही कादंबरी विल्यम जॉन्स्टन यांच्या इंग्रजी भाषांतरातून वाचली आहे. शेवटच्या रात्री रॉड्रिग्जसमोर ती झिजलेली तांब्याची प्रतिमा ठेवतात, आणि तिच्यावरचा चेहरा त्याच्याशी बोलतो, ‘पाय ठेव’ म्हणतो. त्याने पाय ठेवला की दूर कोंबडा आरवतो. पीटर या शिष्याने ख्रिस्ताला नाकारले तेव्हाचाच तो कोंबडा, हे कुठल्या वाचकाला कळत नाही? देव पुस्तकभर गप्प होता आणि ऐन वेळी लेखकाने त्याला बोलते केले. याला मी उपदेशच म्हणतो. या कादंबरीवरच्या चित्रपटाच्या अखेरीस तर मेलेल्या रॉड्रिग्जच्या हातात छोटा क्रूसही दिसतो, म्हणजे त्याची श्रद्धा शाबूत होती. जनकगंजच्या वाचकांचे म्हणणे यातून सिद्धच होते.

लष्करचा ग्रंथपाल

तो क्रूस २०१६ च्या चित्रपटात स्कोर्सेसी यांनी घातलेला आहे, कादंबरीत तो नाही. दिग्दर्शकाने जे दाखवले ते लेखकाच्या नावावर मांडू नये.

कोंबड्याबद्दल मात्र आपले म्हणणे मला मान्य करावे लागते. तिथे लेखकाचा हात दिसतो आणि तो मला पहिल्यापासून खटकत आला आहे. पण बोलणाऱ्या चेहऱ्याचे तसे नाही, कारण त्याआधीची रात्र विसरून तो प्रसंग वाचता येत नाही. अंधाऱ्या कोठडीत रॉड्रिग्जला कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज येतो. आपल्या आयुष्यातील सर्वांत पवित्र रात्री पहारेकरी ढाराढूर झोपला आहे याची त्याला चीड येते, तो भिंतीवर धडका देतो. मग फेरेरा येऊन सांगतात की ते घोरणे नव्हे, खड्ड्यात उलटे टांगलेल्या शेतकऱ्यांचे कण्हणे आहे. त्यांनी धर्म केव्हाच सोडला आहे, तरी रॉड्रिग्ज सोडत नाही तोवर त्यांना वर काढणार नाहीत. ज्याला तो स्वतःचे हौतात्म्य समजत होता, त्याची किंमत दुसरेच मोजत होते.

अशा रात्रीनंतर, न झोपलेल्या आणि मोडलेल्या माणसाला जो आवाज ऐकू येतो तो देवाचा, की त्याच्या मनाने स्वतःला दिलेली परवानगी? निवेदक रॉड्रिग्जच्या जाणिवेबाहेर पडत नाही, त्यामुळे याचे उत्तर पुस्तकात सापडत नाही.

कीर्तनकाराची नात

आपण सगळे त्या जपानी कादंबरीवर बोलत आहात, परंतु ‘ठरलेले कीर्तन’ हे शब्द मूळ टिपणात लिहिले गेले आणि एकालाही ते लागले नाहीत, याचे मला फार वाईट वाटले. ज्या ग्वाल्हेर शहरात तानसेन समारोहाची सुरुवात ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने होते, त्या शहरात राहून कीर्तन ही शिवी म्हणून वापरावी? कीर्तनात उपदेश लपवलेला नसतो. पूर्वरंगात बुवा अभंग घेऊन निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात, हे श्रोत्याला ठाऊक असते आणि तो त्यासाठीच येऊन बसतो.

माझे आजोबा नारदीय कीर्तन करीत. माझे मोठे काका अकराव्या वर्षी तापाने गेले, त्यानंतर काही महिन्यांनी आजोबांनी उत्तररंगाला चिलया बाळाचे आख्यान लावले. अतिथी बनून आलेला शंकर पोराचेच मांस मागतो, चांगुणा मुलाचे डोके उखळात घालून कांडते, तिथपर्यंत ते नेहमीसारखे रंगले. पुढे ‘आता बाळाला हाक मार’ असे अतिथी म्हणतो आणि बाळ धावत येते. त्या जागी आजोबा थांबले. झांजा हातात तशाच राहिल्या. पेटीवाल्याने दोनदा सूर दिला. मग ते म्हणाले, “इथून पुढचे मला सांगता येत नाही,” आणि त्यांनी सरळ आरती सुरू केली. आजीने हे मला अनेकदा सांगितले आहे. त्यांनी कीर्तन सोडले नाही, पण ते आख्यान पुन्हा कधीही लावले नाही. आता सांगा, यात उपदेश होता की शंका?

जनकगंजचा वाचक

ताई, आपल्या आजोबांबद्दल मला आदर आहे, पण आपण माझ्या एका शब्दावर अडून बसला आहात. आजोबा थांबले ते आख्यानाच्या विरोधात जाऊन थांबले. आख्यान स्वतः थांबत नाही, ते बाळाला परत आणतेच. बाळ परत येणार हे आधीच माहीत असेल तर चांगुणेचे कांडणे ही परीक्षा कसली? मी तेच म्हणत होतो.

कीर्तनकाराची नात

आपण कीर्तन किती ऐकले आहे, हे मला विचारावेसे वाटते. शेवट माहीत असूनही चांगुणेची ओवी सुरू झाली की मांडवातल्या बायका डोळ्यांना पदर लावतात. शेवट ठरलेला असला म्हणून मधले दुःख खोटे होत नाही. आपण आख्यान वाचले आहे, ते मांडवात बसून ऐकलेले दिसत नाही.

इंदूरहून

मी ही कादंबरी वाचलेली नाही. भाविक माणसाने अशी पुस्तके वाचावीत की नाही, असा प्रश्न असावा असे समजून लिहीत आहे. माझी आई रोज गणपतीची पूजा करीत असे. वडील आजारी पडून गेले त्या दिवशी तिने देव्हाऱ्याचे दार लावले आणि दोन वर्षे उघडले नाही. त्या दोन वर्षांतही चतुर्थीचा उपास तिने एकदाही मोडला नाही. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “बोलत नाही मी त्याच्याशी.” यावर कुणी पुस्तक लिहिले असेल तर मला वाचायचे आहे.

लष्करचा ग्रंथपाल

इंदूरच्या वाचकांनी प्रश्न वेगळा समजून घेतला, तरी त्यांच्या आईचे वाक्य आपल्या सगळ्यांच्या लिहिण्यापेक्षा विषयाच्या जवळ आहे. जो नाहीच, त्याच्याशी कुणी अबोला धरत नाही. मराठीतही हा मार्ग आहे. दि. बा. मोकाशींनी ‘आनंदओवरी’त तुकाराम आतून दाखवलाच नाही, तो धाकट्या कान्होबाच्या तोंडून सांगितला. भावाच्या विठ्ठलापायी ज्याच्या संसाराची ओढाताण झाली, त्याच्या तोंडी कथा दिली की भक्ताचे कौतुक आणि त्याच्यावरचा राग एकाच वाक्यात येतात.

जनकगंजच्या वाचकांना एवढेच सांगतो, की आजोबांनी आख्यान जिथे सोडले तिथून पुढे एन्डो बाळाला हाक मारीत नाहीत. कादंबरीच्या शेवटी एका अधिकाऱ्याची दैनंदिनी परिशिष्ट म्हणून जोडली आहे. रोजच्या नोंदींसारख्या त्या कोरड्या नोंदींत रॉड्रिग्ज आता ‘ओकादा सानएमोन’ या जपानी नावाने भेटतो, त्याच्याकडून धर्मत्यागाचा लेख पुन्हा लिहून घेतात, आणि हा लेख पुन्हा का लागला याचे कारण दिलेले नाही. त्याला पकडून देणारा, वारंवार धर्म सोडून वारंवार क्षमा मागायला येणारा किचिजिरो त्याच्याजवळ नोकर म्हणून असतो. त्याच्या गळ्यातल्या पिशवीत संतांची चित्रे सापडतात. ती रॉड्रिग्जने दिली नाहीत, असे तो चौकशीत सांगतो. खरे सांगतो की धन्याला वाचवतो, हे लिहिणाऱ्या अधिकाऱ्यालाच माहीत नाही.

मुरारकर

हे परिशिष्ट मी चाळून सोडले होते, जुनी कागदपत्रे असतील असे वाटले. आज दुपारी काढून वाचले. क्रूसाबद्दलचे विधान मागे घेतो. कोंबड्याबद्दलचे घेत नाही, आणि चेहऱ्याच्या आवाजाबद्दलही आपले म्हणणे मला पटलेले नाही. तो आवाज इतका कनवाळू आहे की तो लेखकाचाच वाटतो.

जनकगंजचा वाचक

‘टळतच नाही’ ऐवजी ‘फार क्वचित टळतो’ असे माझे म्हणणे समजावे. याहून पुढे मी जाणार नाही. आणि ताई, कीर्तन हा शब्द मी मागे घेतो. मी मांडवात बसून आख्यान ऐकलेले नाही, हे आपण बरोबर ओळखलेत. येत्या डिसेंबरात समारोहाच्या सकाळी हरिकथेला येईन.

कीर्तनकाराची नात

लवकर या, पुढच्या सतरंजीवर जागा राहत नाही. ते परिशिष्ट कुणी मराठीत लिहून पाठवेल का? माझ्या आजीला वाचून दाखवायचे आहे.