मदत हवी आहे: वॉकर घेऊन चालणाऱ्या आईची पावलं बँड मोजतच नाहीये, मोबाईल अर्धवट मोजतोय

मृणाल_मिरज
आईचं उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सव्वीस दिवस झालेत. फिजिओथेरपिस्ट ताईंनी रोज थोडी थोडी पावलं वाढवायला सांगितलीत म्हणून भावाने तिला हातात घालायचा बँड आणून दिला. आता होतं असं की ती वॉकर घेऊन सकाळी गॅलरीत वीस-वीस मिनिटं चालते, घामाघूम होते, आणि बँडवर बघते तर ३०-४० पावलं. काल तर म्हणाली "मी चालतच नाही वाटतं मग" आणि दुपारी उठलीच नाही. मोबाईल कमरेच्या पिशवीत ठेवून बघितला तर त्यावर आकडा जास्त येतो पण तोही खरा वाटत नाही. बँड खराब आहे का? बदलून घ्यायचा का? की सेटिंगमध्ये काही करता येतं?

विनू७२
मोबाईलमध्ये जायरोस्कोप असतो, स्वस्तातल्या बँडमध्ये नसतो, त्यामुळे मोबाईलचा आकडा बरोबर धरा. जायरो असलेलं चांगलं घड्याळ घ्या, प्रश्न सुटेल.

पायवाट
माझं तर उलटं आहे, मी चाललो नाही तरी पावलं वाढतात. रोज कंपनीत बाईकने जातो, रस्ता इतका खराब आहे की पोचेपर्यंत दीड-दोनशे पावलं झालेली असतात. आणि बायकोची चपात्या लाटताना वाढतात. कोणता बँड घेऊ, सांगा कुणीतरी.

सर्किटवाला_पुणे
मृणालताई, बँड खराब नाही, बदलू नका. मी सेन्सरवरच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विनूकाका, जायरो असतो हे खरं, पण तो किती वळलं, फिरलं ते सांगतो. मनगट वळवलं की स्क्रीन लागते, तिथे तो कामाला येऊ शकतो. पावलं मोजायचं काम मुख्यतः अ‍ॅक्सेलरोमीटरचं, कारण जायरो बॅटरी कित्येक पट जास्त खातो, दिवसभर चालू ठेवला तर बँड रोज चार्जिंगला लावावा लागेल.

अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणजे चिपच्या आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. आपण हललो की तो किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि त्यावरून धक्का किती हे कळतं. मोबाईल टेबलावर शांत ठेवला तरी तो ९.८ m/s² दाखवतो, कारण टेबलाने त्याला खाली पडू न देता धरून ठेवलेलं असतं. चालताना हा आकडा ९.८ च्या वर-खाली होत राहतो. धडधाकट माणूस कमरेला मोबाईल लावून चालला तर साधारण १२-१३ पर्यंत वर जातो नि ७-८ पर्यंत खाली येतो, प्रत्येक पावलाला एक उंचवटा.

म्हणजे यंत्राला पाऊल दिसत नाही, त्याला फक्त उंचवटे दिसतात. मग पाऊल कुठलं आणि बाईकचा धक्का कुठला हे ओळखायला दोन चाळण्या लावलेल्या असतात, एक म्हणजे उंचवटा पुरेसा मोठा हवा, आणि दुसरी म्हणजे तो ठरावीक लयीत सलग यायला हवा. साधारण सेकंदाला एक ते तीन, आणि असे सात-आठ-दहा सलग आले की मगच "हा चालतोय" असं धरून मागचे सगळे एकदम आकड्यात टाकतात. पायवाट, तुमच्या रस्त्यावरचे खड्डे आणि वहिनींचं लाटणं योगायोगाने त्या लयीत बसतं, म्हणून आकडा वाढतो.

आईंच्या बाबतीत दोन्ही चाळण्या आड येतात. बँड मनगटावर, मनगट वॉकरच्या दांड्यावर घट्ट, म्हणजे हात हलतच नाही. ताई, एक करा, बरोबर १०० पावलं मोजून चालवा, वेळ लावा, आणि मोबाईलमध्ये phyphox नावाचं फुकट अ‍ॅप टाकून उंचवटे किती येतात बघा. त्यात गुरुत्वाकर्षणासकट मोजायचा जो प्रयोग आहे, त्याच्या Absolute टॅबवर तिन्ही दिशांचा मिळून एक आकडा दिसतो, म्हणजे √(x²+y²+z²), त्यामुळे मोबाईल पिशवीत कसाही आडवातिडवा असला तरी चालतं.

मृणाल_मिरज
केलं आज. आई वॉकर उचलून पुढे ठेवते, मग ऑपरेशनचा पाय, मग दुसरा पाय, मग जरा थांबते. ५० वेळा वॉकर पुढे, म्हणजे १०० पावलं, साडेतीन मिनिटं लागली. मनगटावरच्या बँडवर ६ वाढली. कमरेच्या मोबाईलवर ३१. आणि मी मुद्दाम तोच बँड चांगल्या पायाच्या घोट्याला बांधून परत चालवलं तर ४४, दुसऱ्यांदा ५८! ग्राफवर उंचवटे जेमतेम १०.३ पर्यंत जातात, आणि वॉकर जमिनीवर टेकतो तेव्हाचा एक बारीकसा टोक वेगळाच दिसतो.

सर्किटवाला_पुणे
हेच बघायचं होतं. साडेतीन मिनिटं म्हणजे २१० सेकंद, भागिले १००, दोन सेकंदांहून थोडं जास्त एका पावलाला, त्यात मध्ये थांबणं. सलग दहाची माळ बहुतेक वेळा होतच नाही, दोन पावलांनंतर तुटते नि मोजणी परत शून्यापासून. म्हणून उंबरा वगैरे अडथळा नसलेल्या घरातही, खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत सात-आठ पावलं चालून थांबलं तरी ती बऱ्याचदा मोजली जात नाहीत, धडधाकट माणसाचीसुद्धा. सेटिंगमध्ये हे बदलता येत नाही, चिपमध्ये नाहीतर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेलं असतं आणि प्रत्येकाने आपापलं ठरवलेलं. म्हणून एकाच माणसाचे दोन यंत्रांवर दोन आकडे.

विनू७२
मग चाळणी ढिली का नाही ठेवत?

सर्किटवाला_पुणे
ढिली ठेवली की पायवाट यांचे दोनशेचे दोन हजार होतील, काका.

वैशाली_नाशिक
मृणाल, माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही जपाचं ते बोटात घालायचं डिजिटल काउंटर वापरलं होतं. त्यांनी दर वेळी वॉकर टेकला की बटण दाबायचं, शेवटी दुप्पट करायचं. दांडा धरूनच अंगठ्याने दाबता येतं. मात्र सुरुवातीला पकड सैल होतेय का हे आम्ही शेजारी उभं राहून बघितलं होतं.

मृणाल_मिरज
जपाचं काउंटर आईकडे आहेच! आत्ताच दिलं. गॅलरीची एक फेरी मोजली तर ३४ पावलं भरली, तर ती म्हणते नुसत्या फेऱ्याच मोजते, बटण दाबायच्या नादात लक्ष जातं. फिजिओ ताईंनाही फोन केला, त्या म्हणाल्या फेऱ्या आणि मिनिटं लिहून ठेवा, बँडवरचं मला नको. सर्किटवाला दादा, एकच राहिलं, घोट्याला एकदा ४४ नि एकदा ५८ असं का, पाय तर तोच होता?

सर्किटवाला_पुणे
नक्की नाही सांगता येणार. एका घोट्याला त्याच पायाचा धक्का मोठा लागतो आणि दुसऱ्या पायाचा अगदी बारीक, म्हणजे १०० पावलांत मोठे उंचवटे ५०च. दुसऱ्या वेळी त्या कमी थांबल्या असतील तर माळ जास्त वेळ टिकली असेल, आणि ५०च्या वर गेला म्हणजे काही बारीक धक्केही मोजले गेले असतील. वेळ लावली होती का दुसऱ्यांदा?

मृणाल_मिरज
नाही ना, विसरले. उद्या सकाळी परत करते, वेळ लावून, आणि इथेच टाकते.