मदत हवी आहे: मनोविकारशास्त्रातील मनःस्थिती तपासणी आणि वर्गीकरण यांची सांगड टिपेत कशी घालावी?

अभ्यासू_मीरा: सरावासाठी मिळालेला रुग्ण असा आहे. २४ वर्षांचा तरुण आठवडाभरात एकाएकी बदलला आणि आता तीन आठवडे आजारी आहे. दोन अनोळखी आवाज आपल्याविषयी आपसात बोलतात आणि शेजारी आपल्या डोक्यात विचार घालतात, असे तो सांगतो. आपल्याला ठार मारण्याचा कट रचला जात असल्याचे तो हसत हसत सांगतो. मनःस्थिती तपासणीत कोणती गोष्ट कोठे लिहावी, आणि याला स्किझोफ्रेनिया म्हणावे का?

रातपाळी: आमच्या वॉर्डात आम्ही तारीख, ठिकाण आणि स्मरणशक्ती विचारून ३० पैकी गुण देतो. तेच लिहावे.

जुनाजाणता: रातपाळी, आपण सांगता ती मिनी मेंटल तपासणी आहे. ती फक्त बोधनक्षमता चाळून पाहते, भास आणि भ्रम तिच्यात येतच नाहीत.

मीरा, आवाज संवेदन या सदरात लिहा आणि कटाचा ठाम विश्वास विचारांच्या आशयात. हसणे मात्र मूडमध्ये लिहू नका. मूड म्हणजे रुग्ण स्वतः सांगतो ती भावावस्था, त्यामुळे ती शक्यतो त्याच्याच शब्दांत अवतरणचिन्हांत द्यावी. आपल्याला दिसते ते अफेक्ट, आणि येथे ते बोलण्याच्या आशयाशी विसंगत आहे. ‘अफेक्ट विसंगत’ एवढेच लिहून थांबण्यापेक्षा ‘खुनाच्या कटाविषयी बोलताना हसतो’ हे निरीक्षण सोबत जोडावे, कारण परीक्षकाला त्यातून तुम्ही रुग्ण पाहिल्याची खात्री पटते.

टिपणवही: स्किझोफ्रेनियासाठी सहा महिने लागतात. त्यामुळे हा स्किझोफ्रेनिया नव्हे.

जुनाजाणता: निष्कर्ष बरोबर आहे, पण सहा महिन्यांची अट डीएसएम-५ या अमेरिकी वर्गीकरणाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात लक्षणे किमान एक महिना टिकावी लागतात. तीन आठवड्यांचा हा रुग्ण दोन्हींत बसत नाही. अवघ्या आठवडाभरात सुरू झालेला हा आजार आयसीडी-१० नुसार एफ२३ मध्ये, म्हणजे तीव्र व तात्पुरत्या मनोविकृतींत, स्किझोफ्रेनियासदृश प्रकार म्हणून तूर्त ठेवावा. लक्षणे महिन्यापुढे गेली, तर निदान एफ२० कडे, म्हणजे स्किझोफ्रेनियाकडे वळते. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी: तपासणी आजचे चित्र दाखवते, तर कालावधी केवळ पूर्वेतिहासातून, बहुधा नातेवाइकांकडून कळतो. कालावधी न लिहिता थेट निदान देणारी टीप म्हणूनच अर्धवट ठरते. मद्य, इतर अमली पदार्थ आणि मेंदूचे आजार वगळल्याचा उल्लेखही करावा.

अभ्यासू_मीरा: ‘डोक्यात विचार घालतात’ हे कोठे लिहू?

जुनाजाणता: काही पुस्तके ते आशयात घालतात, काही विचारांवरील ताबा असे स्वतंत्र सदर करतात. मी स्वतंत्र लिहितो, कारण तेथे विचार काय आहे यापेक्षा तो आपला नाही ही जाणीव महत्त्वाची असते.

टिपणवही: आमच्याकडे ते आशयातच लिहायला शिकवतात. आणि उत्तरात आयसीडी-११ वापरायचे की नाही?

अभ्यासू_मीरा: तेच विचारणार होते. प्रश्नपत्रिकेत आवृत्ती दिलेली नसते.