'रिफंड' म्हणून आलेली पैशांची मागणी: अनुभव इथे लिहा

खाडीकाठ
आंब्याचे दिवस आले की आगाऊ भरलेले पैसे, न पोचलेल्या पेट्या आणि रद्द झालेल्या होमस्टेच्या खोल्या हे सगळं एकदमच सुरू होतं. त्यात हा फोन येतो: "रिफंड पाठवलाय, ॲप उघडा, आलेलं नोटिफिकेशन फक्त ॲप्रूव्ह करा." धागा एवढ्याच प्रकारापुरता आहे. लॉटरी, वीजबिल, केवायसी इथे नको. रडगाणं कमी आणि स्क्रीनवर नेमकं काय दिसलं ते जास्त लिहा.

काउंटर_तीन
रत्नागिरीत बँकेत काम करते. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचा साचा एकच असतो, म्हणून एक नमुना उलगडून लिहिते.

पाच डझनाच्या पेटीचे आगाऊ १,९५० रुपये भरलेत. पेटी आली नाही, म्हणून गिऱ्हाइकाने विक्रेत्याच्या पानाखाली जाहीर तक्रार लिहिली, वर आपला मोबाइल नंबरही दिला. तासाभरात फोन येतो. बोलणाऱ्याला रक्कम ठाऊक असते, कारण ती त्या तक्रारीतच लिहिलेली असते. मग ॲपवर रिक्वेस्ट येते. वर एखादं 'refund.care' छापाचं नाव, खाली १,९५० आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'Mango order refund'.

आता नीट बघा. ती शेवटची ओळ बँकेने लिहिलेली नसते, ॲपनेही नाही. पैसे मागणाऱ्याला शेरा लिहायला मोकळी जागा मिळते, त्यात तो 'refund' लिहील नाहीतर 'गणपतीची वर्गणी'. ती कोणी तपासत नाही. खरं काय ते बटणावर असतं. तिथे Pay लिहिलेलं असतं, आणि ते दाबलं की पिन मागितला जातो.

यूपीआयमध्ये व्यवहार दोन बाजूंनी सुरू होतो. एकतर देणारा स्वतःहून पाठवतो, नाहीतर घेणारा मागणी टाकतो आणि देणारा ती मान्य करतो. ही दुसरी तऱ्हा म्हणजे कलेक्ट. मागणी टाकतानाच 'देणारा' या रकान्यात तुमचा यूपीआय पत्ता भरलेला असतो. त्यामुळे तुम्ही मान्य केलंत की तुमच्या बँकेला एकच आदेश जातो: या खात्यातून वजा करा. त्या मागणीला उलटी वाटच नाही. पैसे जमा करायचे असते तर समोरच्याने स्वतःचा पिन टाकला असता, तुमचा कशाला लागला असता?

आणि प्रकरण एकावर थांबत नाही. "सर्व्हर डाऊन होता, परत पाठवतो" असं म्हणून दुसरी मागणी येते. तीही मान्य केली की ३,९०० गेले, पेटीचे १,९५० वेगळेच.

चिपळूणचा_पाऊस
हे आता जुनं झालं हो. १ ऑक्टोबर २०२५ पासून कलेक्ट बंद झालंय. धागा उशिरा आला.

काउंटर_तीन
अर्धं बरोबर. बंद झालं ते एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे मागायचं. त्यावर आधीपासून एका व्यवहाराला २,००० रुपयांची मर्यादा होती, म्हणून तर १,९५० किंवा १,९९९ असे आकडे यायचे आणि मोठी रक्कम तुकड्यांनी काढली जायची. व्यापारी खात्यांची मागणी त्या तारखेच्या बंदीत आली नाही. शिवाय फोनवरचं बोलणं तेच राहतं, साधन तेवढं बदलतं. कलेक्टच्या जागी क्यूआर पाठवतात, पैसे भरायची लिंक पाठवतात, नाहीतर ऑटोपेची संमती मागतात. ऑटोपे मला जास्त वाईट वाटतं, कारण एकदा मान्य केलं की पुढचे हप्ते आपोआप वजा होऊ शकतात. ॲपमधल्या ऑटोपे किंवा मँडेटच्या यादीत अनोळखी नाव दिसलं तर ते तिथूनच रद्द करता येतं.

मालवणी_मासळी
माका एक वायलाच इचारूचा आसा. गिऱ्हाईक सांगता, मी क्यूआर धाडतंय, तो स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतले. येतत काय?

काउंटर_तीन
नाही. क्यूआरमध्ये 'कोणाला द्यायचे' तो पत्ता असतो. तुमचा क्यूआर गिऱ्हाइकाने स्कॅन केला तर पैसे तुम्हाला, त्याचा तुम्ही केला तर त्याला. दुकानावर लावलेल्या पुठ्ठ्याचं काम आठवा, तेवढं पुरे.

दापोली_वरून
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. बसचं तिकीट रद्द करून आठ दिवस झाले, पैसे नाहीत. ॲपवर कसलीच रिक्वेस्टही आली नाही. म्हणजे मी काहीतरी ॲप्रूव्ह करायचं राहिलं का?

काउंटर_तीन
नाही ताई, काहीच राहिलं नाही, आणि ते शोधूही नका. खरा रिफंड मूळ व्यवहाराला जोडून येतो आणि ज्या खात्यातून पैसे गेले तिथे थेट जमा होतो. मान्यता नाही, पिन नाही. तिकीट देणाऱ्याकडे रिफंडचा संदर्भ क्रमांक मागा आणि पासबुकात तो शोधा. मदतीचा नंबर गूगलवर शोधून लावू नका, तिकिटावर छापलेलाच लावा.

गुहागरकर
एक भर. "पिन मागितला तरच सावध व्हायचं" हा सल्ला आता अपुरा आहे. काही ॲपमध्ये पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहरा चालू केला आहे. समोरचा म्हणतो, "पिन देऊच नका, फक्त बोट लावा." माणूस निर्धास्त होतो आणि पैसे तेवढेच जातात.

चिपळूणचा_पाऊस
पण तीन दिवसांत कळवलं की बँकेला भरून द्यावंच लागतं ना? रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे.

काउंटर_तीन
नियम आहे, पण तीन कामाच्या दिवसांची ती सवलत ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणी खातं फोडलं, त्यासाठी आहे. इथे पिन ग्राहकानेच टाकलेला असतो. त्यामुळे कळवेपर्यंतचं नुकसान बँका ग्राहकाच्या माथी मारतात, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

म्हणून घाई करायची ती १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावायची. फोन लावताना हाताशी काय हवं: व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय पत्ता. चारही गोष्टी ॲपच्या इतिहासात त्या व्यवहारावर टिचकी मारली की दिसतात. आधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या. पैसे पुढच्या खात्यात पडून असतील तर तिथेच रोखता येतात, एटीएममधून निघाले की संपलं. सोबत बँकेला आणि cybercrime.gov.in वर तक्रार.

गुहागरकर
ग्राहकानेच पिन टाकला हे खरं, पण त्याला समजलं काय होतं? पैसे येणार असं सांगून घेतलेली संमती ही संमती कशी? बँकेने ३० दिवसांत ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं असं माझं मत आहे.

काउंटर_तीन
जा की, हक्क आहे. निकाल तुमच्या बाजूने लागेलच असं मी लिहून देणार नाही. तिथे कळवल्याची वेळ हा तुमचा मोठा कागद ठरतो, म्हणून १९३० वरून मिळालेला तक्रार क्रमांक आणि बँकेला दिलेल्या अर्जावरचा पोच शिक्का जपून ठेवा.

मालवणी_मासळी
शिक्को मागलंय तर काउंटरवरचो म्हणता मेल करा.

काउंटर_तीन
मग मेल करा, आणि त्यात व्यवहाराचा क्रमांक पहिल्याच ओळीत लिहा.