विषय: जुन्या खतावणीतला CS म्हणजे कोण? (सोलापूरहून)

वैशाली (सध्या सोलापूर), सोमवार

मंडळी, नमस्कार.

दोन महिने माहेरी आहे. काकांच्या टॉवेलच्या धंद्याचं दप्तर आवरतेय. कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण माळ्यावर पत्र्याच्या पेट्या आणि एका जुन्या कॉम्प्युटरमधली पार्ट्यांची फाइल तशीच आहे. चुलतभावाला ती नव्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये घ्यायची आहे. प्रोग्रॅमने तेवीस ओळी नाकारल्या, "देश अस्तित्वात नाही" म्हणून. DD पूर्व जर्मनी आणि SU रशिया, एवढं मला कळलं. घोडं अडलंय ते CS वर. फाइल नेटवरच्या एका साधनात टाकली तर त्याने सगळ्या CS चं गुपचूप RS, म्हणजे सर्बिया, करून टाकलं. काकू म्हणतात, "सर्बिया कुठला, यांची माणसं प्रागला जात होती." नमुना खाली देते. गावाचा रकाना निम्म्या ठिकाणी कोराच आहे.

```
PARTY;CITY;PIN;CC;ORD
0117;;11000;CS;1988
0120;ZAGREB;41000;CS;1989
0231;;;CS;1992
0342;;81000;CS;2004
```

सगळ्यांना चेकोस्लोव्हाकिया करून टाकू का? भाऊ घाई करतोय.

श्रीधर (न्यू जर्सी), सोमवार

वैशाली, CS म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच. जुन्या स्कोडा गाड्यांच्या मागे लंबगोलात CS लिहिलेलं असायचं, मी स्वतः पाहिलंय. ३१ डिसेंबर १९९२ च्या मध्यरात्री देशाचे दोन झाले आणि कोड बाद झाला. २००३ मध्ये तोच CS उचलून सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोला दिला, पण तीनच वर्षं. तेव्हा हिशेब सोपा आहे: ऑर्डर १९९३ च्या आधीची असेल तर चेकोस्लोव्हाकिया, २००३ नंतरची असेल तर सर्बिया-मॉन्टेनेग्रो. अर्ध्या तासाचं काम.

अरविंदकाका (लेस्टर), सोमवार

चि. वैशाली, कंट्री कोड शोधायला एवढी यातायात कशाला? आपल्याकडे टेलिफोनची डिरेक्टरी असायची. चेकोस्लोव्हाकियाचा कोड ४२. देश फुटल्यावरही काही वर्षं दोघं ४२ च वापरायचे, मग १९९७ मध्ये चेकना ४२० आणि स्लोव्हाकांना ४२१ मिळाला. मी पोस्ट खात्यात असताना सोलापूरच्या पार्ट्यांचे ट्रंक कॉल जोडलेत, मला पाठ आहे. सोलापूरचा एसटीडी कोड अजून ०२१७ च आहे ना? आणि येताना शेंगाचटणी आणशील का? इथली म्हणजे नुसतं तिखट लावलेलं कूट.

मेधा (पिट्सबर्ग), मंगळवार

वैशाली, थांब. काहीच बदलू नकोस आणि मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेव.

मी जहाज कंपनीत ग्राहकांच्या याद्या साफ करण्याचं काम एकवीस वर्षं केलं, त्यामुळे CS शी माझं जुनं वैर आहे. श्रीधर म्हणतो त्या तारखा बरोबर आहेत, पण त्याचा नियम तुझ्या फाइलला लावता येणार नाही. का, ते तुझ्याच दुसऱ्या ओळीत आहे.

झाग्रेब बघ. ते चेकोस्लोव्हाकियात कधीच नव्हतं. सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोतही नव्हतं, क्रोएशिया त्याच्या कितीतरी आधी वेगळा झाला होता. १९८९ ची ऑर्डर आहे, म्हणजे तेव्हा तिथे युगोस्लाव्हिया, कोड YU. पिनही जुनाच आहे, झाग्रेबचा आता 10000 आहे. मग तिथे CS आला कसा? एकच रस्ता दिसतो. २००३ मध्ये YU बाद होऊन त्याच्या जागी CS आला, तेव्हा कोणीतरी पूर्ण फाइलीत YU शोधून एका झटक्यात CS केला. माणसाने यादी बघून केलं असेल, दोष देता येत नाही. पण तेव्हापासून तुझ्या फाइलीतला CS दोन रस्त्यांनी आलेला आहे: काही ओळींत तो पहिल्यापासून होता, काहींत YU पुसून लिहिला गेला. म्हणून ऑर्डरचं साल बघून निकाल लागत नाही. कोडवरून ओळीवर शेवटचा हात कधी फिरला ते कळतं, माल कधी गेला ते नाही.

आता 0117. "१९८८ म्हणजे प्राग" असं वाटेल. पण 11000 हा पिन प्राग १ चाही आहे आणि बेलग्रेडचाही! प्रागवाले 110 00 असं मध्ये जागा सोडून लिहितात, पण फाइलीत जागा उडाली की दोन्ही सारखेच दिसतात. आमच्या ऑफिसात एकदा याच आकड्यावर बेलग्रेडला जायची कागदपत्रं प्रागला गेली होती, अजून आठवतं. 0342 मध्येही तीच गंमत आहे. 81000 म्हणजे पॉडगोरिका, मॉन्टेनेग्रोची राजधानी, आणि ब्रातिस्लाव्हाचे पिनही ८१ नेच सुरू होतात. पण ती ऑर्डर २००४ ची आहे. तोवर ब्रातिस्लाव्हाला स्लोव्हाकियाचा SK मिळून अकरा वर्षं झाली होती, त्यामुळे ती पॉडगोरिकाच धरते. आज तिचा कोड ME. तुझ्या नेटवरच्या साधनाने तिला सर्बियात टाकलं असणार, कारण बहुतेक प्रोग्रॅमच्या यादीत CS चे वारस "RS, ME" असे असतात आणि एकच हवा म्हटलं की ते पहिला उचलतात.

अरविंदकाका, तुम्ही फोनचा कोड समजलात, पण कामाचं तेच निघालं. वैशाली, 0117 चं कार्ड, पत्र, बिल्टी काहीही सापडलं तर फोन नंबर बघ. ४२ २ ने सुरू असेल तर प्राग. ३८ ने सुरू असेल तर युगोस्लाव्हिया. तेव्हा सगळ्या युगोस्लाव्हियाचा कोड ३८ होता, ३८१ सर्बियाला नंतर मिळाला.

श्रीधर, मंगळवार

झाग्रेब माझ्या नजरेतून सुटलं, मान्य. पण मुळात एकच कोड दोन देशांना देतात कसा? आपल्याकडे एसटीच्या डेपोतसुद्धा असं होत नाही.

मेधा, मंगळवार

दिला खरा, आणि त्यावरून ओरडाही बराच झाला. जेमतेम दहा वर्षं मोकळा होता तो. आता नियम आहे की बाद झालेला कोड पन्नास वर्षं कोणाला द्यायचा नाही.

बाद कोडांची वेगळी यादी आहे, तिच्यात चार अक्षरी नावं असतात. पहिली दोन जुन्या कोडाची, पुढची दोन नव्या नावाची. पूर्व जर्मनी `DDDE`, बर्मा `BUMM`, युगोस्लाव्हिया `YUCS`. ज्याचा एकच वारस सांगता येत नाही त्याला शेवटी HH: चेकोस्लोव्हाकिया `CSHH`, सोव्हिएत संघ `SUHH`. वैशाली, म्हणून SU ला सरसकट रशिया करू नकोस. ताश्कंदची पार्टी असेल तर ती आज उझबेकिस्तानात. सर्बिया-मॉन्टेनेग्रो मोडला तेव्हा त्यालाही HH लागणार होतं, पण `CSHH` आधीच घेतलेला. मग `CSXX` केलं. दोन अक्षरांचा झालेला घोळ चार अक्षरांत निस्तरला.

पद्मा (डॅलस), बुधवार

मेधाताई, तुमच्या यादीत बर्मा बघून लिहितेय. सासऱ्यांचा जन्म रंगूनचा, त्यांचे वडील सोलापूरच्या पूर्व भागातून तिकडे मागावर गेले होते. जुन्या कागदावर BU आहे, नव्या अर्जात बर्माच सापडत नाही. यांचाही असाच घोळ होणार का?

मेधा, बुधवार

नाही हो, तुमचं सोपं आहे. तिथे फक्त नाव बदललं, जमीन तीच राहिली. BU चा MM झाला, पण देशांना अक्षरांबरोबर एक तीन आकडी क्रमांकही असतो, तो बर्माचा 104 होता आणि म्यानमारचाही 104 आहे. क्रमांक नावाला चिकटत नाही, भूभागाला चिकटतो. म्हणून जर्मनी एक झाल्यावर पूर्वेचा 278 आणि पश्चिमेचा 280 दोन्ही गेले आणि नवा 276 आला. तुमच्या अर्जात म्यानमार निवडा. अर्जात "जन्माच्या वेळचं देशाचं नाव" असं वेगळं विचारलं असेल तर मात्र मला ठाऊक नाही, त्या कचेरीलाच विचारा.

वैशाली, तुझ्या फाइलीत असा आकड्यांचा रकाना आहे का? चेकोस्लोव्हाकिया 200, सर्बिया-मॉन्टेनेग्रो 891. असला तर एका मिनिटात सुटेल. तीन अक्षरी कोड असला तरी चालेल: पहिल्याचा CSK, दुसऱ्याचा SCG. फक्त CSK हे त्यांच्या चलनाचंही नाव आहे, तेव्हा दराच्या रकान्यातला CSK देश म्हणून उचलू नकोस.

वैशाली, शनिवार

आकड्यांचा रकाना नाही. पण काल दिवसभर माळ्यावर होते, अजून शिंका येतायत.

0117 चं कार्ड सापडलं. गाव पाण्याने पुसलंय, पण फोन ४२ २ ने सुरू होतो, आणि मागे दिवाणजींच्या अक्षरात "माल हँबुर्गमार्गे, मार्का गाठीवर लाल" असं आहे. म्हणजे काकू जिंकल्या. घरात दोन दिवस तोच विषय आहे.

झाग्रेबची ओळ मेधाताई म्हणतात तशीच निघाली. फाइलची १९९९ ची एक फ्लॉपी भावाच्या मित्राने वाचून दिली, तिच्यात 0120 समोर स्वच्छ YU आहे. 0117 समोर तेव्हाही CS. 0342 त्या वेळी नव्हतीच.

0231 चं कार्ड नाही. फ्लॉपीत ती ओळ आहे, पण नेमका तो तुकडा खराब झालाय, देशाच्या जागी चौकोन दिसतात. दिवाणजींच्या मुलाला गाठलं, तो म्हणतो, "ब्याण्णवला आम्ही कुठंकुठं माल धाडला ते काय सांगू ताई, पैसे मात्र उशिरा आले." प्रोग्रॅम रकाना कोरा ठेवू देत नाही. भाऊ म्हणतो, चेकोस्लोव्हाकिया टाक आणि मोकळी हो.

मेधा, शनिवार

टाकू नकोस. फ्लॉपी मिळाली हे फारच छान झालं, तीही जपून ठेव.

नवा रकाना कर आणि जुना CS त्याच्या जागी तसाच राहू दे. नव्यात 0117 ला तेव्हाचा देश `CSHH` आणि आजचा CZ, 0120 ला आजचा HR, 0342 ला `CSXX` आणि आजचा ME. 0231 ला `ZZ` दे. तो कोड मुद्दामच कोणत्याही देशाला देत नाहीत, ज्याच्या-त्याच्या खाजगी वापरासाठी सोडलेला आहे. प्रोग्रॅमने तोही नाकारला तर कळव.

बाकीच्या ओळींमध्ये YU किती आहेत? १९९२ च्या आसपासच्या असतील तर त्यांचंही गाव बघावं लागेल. तेव्हा दर काही महिन्यांनी नकाशा बदलत होता.

वैशाली, रविवार

`ZZ` घेतला. YU एकही नाही, सगळ्यांचे CS झालेत! फ्लॉपीशी ताडून बघितलं, आणखी सहा ओळी आहेत. चार गावं वाचता येतात: लुब्लियाना, स्कोप्ये, साराजेवो आणि नोवी साद. दोन कोरी. मंगळवारी पुन्हा माळ्यावर.

अरविंदकाका, ०२१७ च आहे. चटणी दोन किलो घेतलीय, वजनात बसली तर आणते.