मदत हवी आहे: गोडाऊनचं भाडं एकत्र कुटुंबाच्या पॅनवर दाखवता येईल का?

दारव्हेकर_मास्तर
नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, दारव्हा तालुका. आजोबांच्या वावराची १९८८ मध्ये बाबा आणि दोन काकांत रजिस्टर वाटणी झाली. बाबांना सहा एकर मिळालं. रस्त्याकडचा तुकडा एनए करून २०१४ मध्ये त्यावर गोडाऊन बांधलं. सध्या ते एका खतवाल्याला महिना ४०,००० भाड्यानं दिलंय. बाबा ७६ वर्षांचे, बँकेत जायचा त्यांना कंटाळा, म्हणून करारनामा माझ्या नावानं आणि पैसेही माझ्याच खात्यात.

माझा पगार ११ लाख. नव्या पद्धतीत ७५,००० वजा जाता १०,२५,००० उरतात. वर्षाचं भाडं ४,८०,०००, त्यातून ३० टक्के वजा केल्यावर ३,३६,०००. एकूण १३,६१,०००. २०२५-२६ साठी कर निघतो ८७,५१६. भाडं नसतं तर एक रुपया लागत नव्हता.

एचयूएफ, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, काढून हे भाडं त्यात टाकता येईल का? यवतमाळला माझ्या पगारातून घेतलेला प्लॉट आहे, त्यावर खोल्या काढायचा विचार आहे. तोही त्यातच टाकावा म्हणतो.

बिनधास्त_पुसदकर
टाका की सर! एचयूएफ म्हणजे कायद्यानं वेगळा माणूस, वेगळं पॅन. तुम्हाला १२ लाख माफ, एचयूएफला आणखी १२ लाख माफ. गोडाऊन, प्लॉट, एफडी, सगळं ढकला तिकडं.

हिशोबवही_अकोला
वेगळं पॅन हे बरोबर, बाकीचं नाही. १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो तो सवलतीमुळे, आणि ती सवलत फक्त व्यक्तीला आहे. एचयूएफला पहिले चार लाखच मोकळे. चार ते आठ लाखांवर ५ टक्के लागतातच. एचयूएफचं उत्पन्न आठ लाख झालं तर सेस धरून २०,८०० भरावे लागतील.

मास्तर, तुम्ही "काढून" म्हणता तिथेच घोटाळा आहे. कुटुंब आधीपासून आहे, पॅन तेवढं काढायचं असतं. त्यात काय टाकायचं हे आपण ठरवत नाही, मालमत्ता कुठून आली त्यावर ते ठरतं. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत बाबांना आलेली सहा एकर बाबांच्या हातात कुटुंबाचीच राहते. त्यावरचं गोडाऊन त्या जमिनीच्या पिकातून उभं राहिलं असेल तर तेही कुटुंबाचं. म्हणजे भाडं खरं तर तुमचं कधी नव्हतंच. खरं उत्तर १९८८ च्या वाटणीपत्रात आहे.

यवतमाळचा प्लॉट मात्र तुमचा स्वतःचा. तो एचयूएफला दिला तरी त्याचं भाडं उलटून तुमच्याच उत्पन्नात मिळवलं जाईल. ३१ डिसेंबर १९६९ नंतर कुटुंबात टाकलेल्या स्वतःच्या मालमत्तेला हा नियम लागतो. आणि पगार तर कुणाचाच एचयूएफमध्ये जात नाही.

बाबा आहेत तोवर कर्ता बाबाच, तुम्ही नाही. सातबारावर नाव कसं आहे?

दारव्हेकर_मास्तर
बाबांचं नाव, पुढे ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तलाठी म्हणाले, हे असलं की झालंच.

हिशोबवही_अकोला
झालं नाही, पण कामाचं आहे. ती महसुलाची नोंद झाली. एकत्र कुटुंबाचा पुरावा म्हणून दाखवता येते, पण वाटणीपत्र नसेल तर एकटी टिकत नाही.

पऱ्हाटीवाला
माह्यंबी ऐका मास्तर. आमच्या बापानं कापसाच्या पैशातून स्वतः आठ एकर घेतलं, मृत्युपत्र नाही. बाप गेला, फेरफार झाला, मी न् माय न् बहीण वारस लागलो. तालुक्याच्या एका वकिलानं सांगितलं वडिलोपार्जित आहे, एचयूएफ करा. रस्त्यालगतचे तीन गाळे त्यात दाखवले. तीन वर्षांनी नोटीस आली. म्हणे हे तुमचं कुटुंबाचं नाहीच. आता व्याजासकट भरून राहिलो. बापाचं वावर वडिलोपार्जित नाही तर काय शेजाऱ्याचं?

हिशोबवही_अकोला
भाऊ, बोलीभाषेत तुमचं बरोबर, कायद्यात वेगळं. १९५६ चा वारसा कायदा आल्यावर बापाची स्वकष्टाची जमीन मृत्युपत्राशिवाय मुलाकडे येते ती मुलाची स्वतःची म्हणून. सुप्रीम कोर्टानं १९८६ च्या चंदर सेन प्रकरणात हे स्पष्ट केलंय. तुमच्या वाट्याचं भाडं तुमच्याच रिटर्नमध्ये, माय आणि बहिणीचं त्यांच्या. मास्तरांचं वेगळं आहे, त्यांचं आजोबांच्या जमिनीच्या वाटणीतून आलंय. तुमचा सल्लागार नेमका इथेच चुकला.

पऱ्हाटीवाला
फी मात्र बरोबर घेतली त्यानं.

दारव्हेकर_मास्तर
एक गोष्ट सांगायची राहिली. गोडाऊनला १४ लाख लागले. दहा लाख बाबांचे, सोयाबीन-कापसाचे. चार लाख मी जीपीएफमधून काढून दिले. लिहिलेलं काही नाही. बाबांना पैसे देताना कागद कोण करतो?

हिशोबवही_अकोला
हं. मग तेवढ्या भागाला प्लॉटचाच नियम लागू शकतो. १४ मधले चार, म्हणजे ३,३६,००० मधले ९६,००० तुमच्यात मिळवा. तुमचं होतं ११,२१,०००, म्हणजे अजूनही १२ च्या आत, कर शून्य. एचयूएफकडे २,४०,०००, तिथेही शून्य. मी असंच दाखवेन.

रिटायर्ड_ऑडिटर
मला हे पटत नाही. मुलानं बापाला गोडाऊन बांधायला दिलेली मदत ही कुटुंबाला मालमत्ता देणं कशी? बापाला दिलेली साधी भेट म्हणता येईल. मग मिळवायची गरजच नाही.

हिशोबवही_अकोला
बापाला भेट म्हणाल तर चार लाखांचा भाग बापाचा वैयक्तिक झाला, कुटुंबाचा कसा म्हणणार? दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. त्यांना कर तसाही लागत नसताना कमी धोक्याचा रस्ता का सोडायचा? आणखी एक: एचयूएफकडे शेतीचंही उत्पन्न आहे. ते करमुक्तच, पण एचयूएफचं बाकीचं उत्पन्न चार लाखांच्या पुढे गेलं की दर ठरवताना पीकही मोजलं जातं. तुमचे ९६,००० बाजूला ठेवले नाहीत तर महिना साधारण ४७,६०० भाड्यालाच ती रेघ येते.

रिटायर्ड_ऑडिटर
बरं, पद्धत तरी नीट करा. कर्ता म्हणून बाबांचं शपथपत्र, त्यात सगळे सदस्य लिहा. पॅन आलं की चौथं अक्षर H आहे का बघा, P आलं तर व्यक्ती म्हणून निघालं. मग एचयूएफच्या नावानं खातं आणि खतवाल्याशी नवा करार: "कुटुंबाचे कर्ते म्हणून" बाबा. मागच्या तारखेचा करार करू नका. रिटर्न ITR-2. कुटुंबाच्या त्या पैशातून तुम्हाला खर्चाला मिळालं तर त्यावर तुम्हाला पुन्हा कर नाही.

वाशीमची_माहेरवाशीण
सदस्यांमध्ये बहीण लिहिणार ना मास्तर? की ती "लग्न होऊन गेलेली"?

दारव्हेकर_मास्तर
बहिणीचं लग्न २००३ मध्ये झालं. तिचाही संबंध येतो का? वाटणी तर १९८८ लाच झाली ना.

वाशीमची_माहेरवाशीण
ती बाबा-काकांतली वाटणी. बाबांच्या घरात वाटणी झालीच नाही. २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी मुलाइतकीच हक्कदार, लग्न झालं तरी, आणि हक्क जन्मानं आहे हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलंय. बाबांच्या शपथपत्रावर तिचं नाव आलंच पाहिजे. उद्या वाटणी मागितली तर गोडाऊनही त्यात येईल.

बिनधास्त_पुसदकर
म्हणून म्हणतो, बहिणीला आताच कशाला सांगता.

हिशोबवही_अकोला
शपथपत्रावर खोटं लिहायला लावू नका त्यांना.

दारव्हेकर_मास्तर
सोमवारी दुय्यम निबंधक कार्यालयातून १९८८ च्या दस्ताची नक्कल काढतो. बहीण दिवाळीला येते, तेव्हा तिला आणि बाबांना समोर बसवून बोलतो. बाबा म्हणतील, एवढे दिवस काय वाटणी झाली होती का म्हणून. चार लाखांचं काय करायचं ते अजून ठरलं नाही.